साहेबांची कार्यशैली आणि कामाचा अहवाल: एका जुन्या चर्चेचा आढावा

एकच अहवाल दोन वरिष्ठांकडे गेला, तर एक म्हणतो, ‘एवढं वाचायला वेळ कुठे आहे?’ आणि दुसरा म्हणतो, ‘यात आकडे कुठे आहेत?’ नोकरीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही हे नवं नाही. मग अहवाल माणूस पाहून लिहावा का? लिहावा, तर किती बदलावा? आणि ही जुळवाजुळव कुणी करायची, हाताखालच्याने की वरच्याने? व्यवस्थापनशास्त्रात ‘मॅनेजिंग अप’ या नावाने चालणारी चर्चा या तीन प्रश्नांभोवती फिरते. तिच्यात आज तीन भूमिका स्पष्ट दिसतात. त्या तिन्ही समजून घेण्याजोग्या आहेत, कारण प्रत्येकीमागे खऱ्या कामाचा अनुभव आहे.

प्रश्न कुठून आला

वरिष्ठाचं मन ओळखून वागण्याचा सल्ला फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात सेवकाने राजाजवळ कसं वागावं यावर एक अध्याय आहे आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात राजा प्रसन्न आहे की नाराज, हे ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. तिथे मुख्य चिंता सेवकाच्या सुरक्षिततेची आहे. आधुनिक चर्चेचा रोख वेगळा आहे. वरिष्ठाला योग्य माहिती योग्य वेळी मिळाली नाही तर काम बिघडतं, म्हणून ती कशी पोहोचवायची, इथून ती सुरू होते.

पीटर ड्रकर यांनी १९५४च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये एक साधी पद्धत सुचवली होती. व्यवस्थापकाने वर्षातून दोनदा आपल्या वरिष्ठाला पत्र लिहायचं. त्यात आधी वरिष्ठाची उद्दिष्टं आपल्याला कशी समजली आहेत ते मांडायचं, मग आपली उद्दिष्टं, मग वरिष्ठाच्या आणि कंपनीच्या कोणत्या गोष्टींची मदत होते, कोणत्या आड येतात, आणि शेवटी पुढे आपण काय करणार. पत्राची सुरुवात वरिष्ठाच्या कामापासून होते, हे यातलं महत्त्वाचं. साहेबांच्या डोक्यात काय आहे याबद्दलचा आपला समज कागदावर आला की तो चुकीचा असेल तर लगेच दिसतो.

पुढे १९६७च्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’मध्ये ड्रकर यांनी वरिष्ठांचे दोन प्रकार सांगितले: वाचणारे आणि ऐकणारे. वाचणाऱ्याशी आधी बोलून उपयोग नाही, कारण वाचल्यावरच त्याचं लक्ष लागतं. ऐकणाऱ्याला जाड अहवाल देऊन उपयोग नाही, कारण मुद्दा त्याच्या कानावरूनच मनात उतरतो. नंतरच्या लेखनात त्यांनी आयझेनहॉवर यांचं उदाहरण दिलं. दुसऱ्या महायुद्धात सरसेनापती असताना पत्रकारांचे प्रश्न त्यांना किमान अर्धा तास आधी लेखी मिळत, आणि त्यांची उत्तरं नेमकी असत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तोंडी प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि तीच व्यक्ती गोंधळलेली वाटू लागली. हे उदाहरण इतकं लोकप्रिय झालं की त्यावर फारसं कुणी शंका घेत नाही. पण फ्रेड ग्रीनस्टीन या राज्यशास्त्रज्ञाने १९८२मध्ये आयझेनहॉवर यांच्या कागदपत्रांच्या आधारे असं मांडलं की ती अघळपघळ उत्तरं पुष्कळदा मुद्दाम दिलेली होती. म्हणजे बाहेरून दिसणारी ‘शैली’ काही वेळा डावपेचही असू शकते. पुढच्या चर्चेत हे लक्षात ठेवावं लागतं.

या विषयाला स्वतंत्र स्थान मिळालं ते १९८०मध्ये. हार्वर्डचे जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर यांचा ‘मॅनेजिंग युअर बॉस’ हा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्या वर्षी आला आणि नंतर अनेकदा पुन्हा छापला गेला. त्यांचा मुख्य मुद्दा परस्परावलंबनाचा आहे. वरिष्ठालाही हाताखालच्या माणसाची गरज असते: त्याच्या प्रामाणिकपणाची, सहकार्याची आणि माहितीची. आज जी पहिली भूमिका म्हणून ओळखली जाते, तिचा पाया हा लेख आहे.

पहिली भूमिका: माणूस पाहून जुळवून घ्या

गॅबारो-कॉटर यांच्या लेखात एक प्रसंग आहे. एका व्यवस्थापकाचा नवा वरिष्ठ शिस्तीचा होता. त्याला लेखी टिपण आणि ठरलेली विषयपत्रिका लागे. या व्यवस्थापकाने ते ओळखलं आणि प्रत्येक भेटीआधी पार्श्वभूमीचा कागद आणि विषयांची यादी पाठवायला सुरुवात केली. भेटी नीट होऊ लागल्या. दुसऱ्या एका व्यवस्थापकाला मात्र हाच वरिष्ठ फार नियंत्रण ठेवणारा वाटत होता, कारण त्याने ही गरज ओळखली नाही आणि पार्श्वभूमीची माहिती क्वचितच पाठवली. साहेब तेच होते. अहवालाची रीत बदलली आणि संबंधही बदलले.

शैली ओळखायची म्हणजे काय पाहायचं, याबद्दल या भूमिकेच्या लोकांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. माहिती वाचून घेतो की ऐकून, हे पहिलं. तपशिलात किती उतरतो, हे दुसरं: काही जण प्रत्येक निर्णयात हात घालतात, काही काम सोपवून मोकळे होतात. तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत कमी पाहिलं जाणारं, म्हणजे वाईट बातमी त्याला केव्हा आणि कोणत्या रूपात चालते. काहींना अर्धवट का होईना, पण आजच्या आज कळायला हवं असतं. काहींना उपाय घेऊनच माणूस समोर यायला हवा असतो. गॅबारो-कॉटर इथे एक सावध सूचनाही करतात. वरिष्ठाला किती माहिती लागेल याचा अंदाज हाताखालचा माणूस बहुधा कमीच लावतो. म्हणून ‘मला फक्त महत्त्वाचं सांगा’ असं म्हणणाऱ्यालाही थोडं जास्तच सांगावं लागतं.

हे सगळं कळतं कसं? थेट विचारणं हा एक मार्ग आहे, पण लोक स्वतःबद्दल जे सांगतात आणि प्रत्यक्षात जे करतात त्यात अंतर असतं. अधिक भरवशाची खूण म्हणजे अहवाल मिळाल्यावर येणारा पहिला प्रश्न. दर अपडेटनंतर साहेबांनी पहिला प्रश्न कोणता विचारला तो वहीत टिपून ठेवला, तर महिना-दीड महिन्यात एक ओळ दिसू लागते. ‘खर्च किती वाढला?’ हा प्रश्न तीनदा पहिला आला असेल, तर पुढच्या अहवालात खर्च पहिल्या ओळीत हवा. दुसरी खूण म्हणजे अहवाल पुढे जातो कसा. वरिष्ठ आपला मेल जसाच्या तसा त्यांच्या वरिष्ठांना पाठवत असतील, तर आपला खरा वाचक एक पायरी वर बसला आहे आणि भाषा त्याच्यासाठी हवी. ते प्रत्येक वेळी नवा मेल लिहीत असतील, तर ते काय गाळतात आणि काय वर आणतात हे पाहून त्यांच्या डोक्यातला क्रम कळतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

हे कागदावर कसं उतरतं ते पाहण्यासाठी पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत घडू शकेल असं एक काम घेऊ. विमा कंपनीच्या १२ लाख पॉलिसींच्या नोंदी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायच्या आहेत. मुदतीला कामाचे २० दिवस उरले आहेत. १० लाख ८० हजार नोंदी गेल्या आहेत. टीम लीड दर सोमवारी अपडेट पाठवतो आणि या सोमवारी त्याने लिहिलं: ‘स्थलांतर ९० टक्के पूर्ण. उरलेल्या नोंदींवर काम चालू आहे.’

वाक्य खरं आहे, पण त्यातून चुकीचं चित्र उभं राहतं. उरलेल्या १ लाख २० हजार नोंदी सोप्या नाहीत. त्यांत जन्मतारखेचा क्रम संदिग्ध आहे. ०४/०७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, हे नोंद पाहून कळत नाही, मूळ अर्जाच्या स्कॅनशी ताडून पाहावं लागतं. दोन माणसं हे काम करत आहेत आणि प्रत्येकाच्या हातून दिवसाला ३०० नोंदी होतात. म्हणजे दिवसाला ६०० आणि एकूण २०० दिवस. हाताशी आहेत २०. टक्केवारी सांगते की काम संपत आलं, गती सांगते की ते या पद्धतीने होणारच नाही. प्रगती कळवताना टक्के झालेल्या कामाचे आणि दिवस उरलेल्या कामाचे सांगावेत, ही या क्षेत्रातली जुनी शिकवण इथे कामाला येते.

टीमने तोडगा काढला आहे. यांतल्या १ लाख ८ हजार नोंदी काही ठरावीक जुन्या शाखांच्या आहेत आणि तिथे दिवस आधी लिहिण्याची पद्धत होती असं दिसतं. ग्राहक कंपनीने हे लेखी मान्य केलं तर या नोंदी एका स्क्रिप्टने सुटतील. स्क्रिप्ट लिहून तपासायला ४ दिवस लागतील. मग १२ हजार उरतील, पण त्या नेमक्या कोणत्या हे स्क्रिप्ट चालल्यावरच कळेल, म्हणून हाताची तपासणी त्याआधी सुरू करता येत नाही. दोन माणसांना त्यासाठी २० दिवस लागतील, म्हणजे एकूण २४. एक माणूस वाढवला तर दिवसाला ९०० होतील, १४ दिवसांत काम उरकेल आणि एकूण १८ दिवस लागतील. मुदतीआधी दोन दिवसांची सवड राहील.

आता हे वाचणाऱ्या मॅनेजरला असं जाईल:

‘विषय: पॉलिसी स्थलांतर – पिवळा – बुधवारपर्यंत दोन निर्णय हवेत. उरलेल्या १.२ लाख नोंदींमध्ये जन्मतारखेचा क्रम संदिग्ध आहे. आजच्या गतीने त्यांना २०० दिवस लागतील. दोन गोष्टी मिळाल्या तर १८ दिवसांत काम पूर्ण होईल: (१) जुन्या शाखांच्या नोंदीत दिवस आधी धरावा असं ग्राहकाचं लेखी उत्तर, (२) पाचव्या दिवसापासून १४ दिवस एक जास्तीचा माणूस. आपल्याकडे दोन दिवसांची सवड आहे. ग्राहकाचं उत्तर त्याहून लांबलं तर मुदत तेवढीच पुढे जाईल. हिशेब खाली जोडला आहे.’

मॅनेजर ऐकणाऱ्या असतील तर हा मेल न उघडता राहण्याची शक्यता आहे. तिथे टीम लीड त्यांच्या जागेवर जाऊन म्हणेल, ‘मॅडम, विम्याचं काम मुदतीत बसत नाहीये. दोन मिनिटं आहेत का?’ आणि मग थांबेल, कारण ऐकणारा माणूस प्रश्न विचारत विचारत विषय समजून घेतो. बोलणं संपल्यावर मात्र तीन ओळींचा मेल जायलाच हवा: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. तपशिलात उतरणाऱ्या मॅनेजरला दहा प्रत्यक्ष नोंदींचा तक्ता जोडावा. त्यांना संदिग्धता स्वतः पाहायची असते आणि ती पाहिल्याशिवाय त्या निर्णय देणार नाहीत. काम सोपवणाऱ्यांना हेच आकडे थोडक्यात, दोन निर्णय आणि पुढची बातमी कोणत्या दिवशी मिळेल एवढं पुरतं.

चारही रूपांत काही गोष्टी बदलत नाहीत: १ लाख २० हजार नोंदी, २०० दिवस, दोन निर्णय, १८ दिवस आणि उत्तर उशिरा आलं तर काय होईल. आपण फक्त रूप बदलतोय की मजकूरच, हे तपासायला माझ्या दृष्टीने ही चांगली कसोटी आहे. चार रूपं शेजारी ठेवायची आणि बघायचं, यातलं एकच वाचणाऱ्याला २०० दिवसांची गोष्ट कळली असती का? कळली नसती, तर ती शैली सांभाळणं राहिलं नाही.

दुसरी भूमिका: साचा एकच असू द्या

दुसऱ्या भूमिकेचं म्हणणं असं की माणसागणिक अहवाल बदलण्यात शक्ती घालवू नये. चांगला साचा एकदा ठरवावा आणि सगळ्यांनी तो पाळावा. या भूमिकेमागची तात्त्विक मांडणी बार्बरा मिंटो यांच्या ‘पिरॅमिड प्रिन्सिपल’मध्ये सापडते: निष्कर्ष आधी, त्याला आधार देणारे मुद्दे नंतर, पुरावे सर्वांत खाली. अमेरिकी लष्करातही मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत देण्याची शिस्त आहे. टोयोटात अख्खी समस्या एका ए-३ कागदावर मांडतात: पार्श्वभूमी, सद्यस्थिती, उद्दिष्ट, मूळ कारण, उपाय, वेळापत्रक, पाठपुरावा. कागद २९७ गुणिले ४२० मिलिमीटरचा, त्यापलीकडे जायचं नाही.

मंत्रालयातली टिपणी याच जातीची आहे आणि या भूमिकेचं सर्वांत सबळ कारण तिच्यातून दिसतं. कार्यासन अधिकाऱ्याने मांडलेली नस्ती अवर सचिव, उप सचिव, सचिव अशी चढत जाते आणि कधी वित्त विभागाकडेही जाते. प्रत्येकाची रीत वेगळी. एकाला आवडेल असं लिहिलं तर दुसऱ्याला ते अपुरं वाटेल, शिवाय चार वर्षांनी ती नस्ती उघडणारा अधिकारी तर आज ठाऊकच नाही. म्हणून प्रस्ताव, नियम, पूर्वीचे निर्णय, वित्तीय भार आणि नेमकी कशाला मान्यता हवी, हे सगळं टिपणीतच असावं लागतं. वाचणारे अनेक असतील आणि नोंद टिकायची असेल, तिथे साच्याला पर्याय नाही.

ॲमेझॉनचं उदाहरण थोडं वेगळं आहे. २००४च्या जूनमध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठ गटाच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याजागी सलग गद्यात लिहिलेलं, जास्तीत जास्त सहा पानी टिपण आलं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचू लागले. हा आज संस्थेचा साचा मानला जातो. पण मुळात तो वाचून विचार करणाऱ्या एका वरिष्ठाची रीत आहे, ती खाली सगळ्यांना लागू झाली. साचा आणि शैली यांतली रेषा म्हणूनच मला फार ठाम वाटत नाही.

साचा माणसाला वाचवत नाही याचा सर्वांत दुःखद दाखला कोलंबिया अंतराळयानाचा आहे. १६ जानेवारी २००३ला उड्डाणावेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असताना इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून वरिष्ठांसमोर स्लाइड मांडल्या. एका स्लाइडच्या शीर्षकातून दिलासा मिळत होता. शेवटच्या, सर्वांत खालच्या स्तरावरच्या ओळींत लिहिलं होतं की चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. सगळा निष्कर्ष ज्या एका आकड्यावर उलटला असता, तो तळाशी होता. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचं विश्लेषण केलं आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्याची दखल घेत, तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर टीका केली.

तिसरी भूमिका: हे ओझं कुणाचं?

तिसऱ्या गटाचा आक्षेप अधिक मुळाशी जातो. वरिष्ठाची शैली जपण्याची सवय लागली की वाईट बातमी वर जाणं थांबतं, असं हे लोक म्हणतात. त्याला आधार आहे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७०मध्ये दाखवलं की ज्याच्याशी बातमीचा संबंध आहे त्याला ती सांगताना लोक चांगली बातमी सहज देतात आणि वाईट दाबून ठेवतात. २०००मध्ये एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकन यांनी अख्ख्या संस्था कशा गप्प होतात याची मांडणी केली. प्रकल्पांच्या जगात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, आतून लाल. ओळखायची खूण सोपी आहे. एखादं काम आठवड्यामागून आठवडे हिरवं राहतं आणि मुदतीच्या तोंडावर पिवळं न होता एकदम लाल होतं.

फोर्ड कंपनीतला प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. २००६मध्ये ॲलन मुलाली बोइंगहून फोर्डचे प्रमुख म्हणून आले. दर गुरुवारी प्रत्येक विभागप्रमुखाने आपलं काम हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवायचं असं त्यांनी ठरवलं. कंपनी अब्जावधी डॉलर गमावत होती आणि तक्ते सगळे हिरवे. मग मार्क फील्ड्स यांनी कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यातल्या ‘एज’ गाडीचं काम लाल दाखवलं, कारण एका बिघाडामुळे त्यांनी गाडी बाजारात आणणं थांबवलं होतं. खोलीतल्या अनेकांना वाटलं, आता यांची नोकरी गेली. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करू शकेल असं विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांचे रंगही बदलले.

विभागप्रमुखांनी आधीच्या काळात कमावलेलं शैलीचं ज्ञान चुकीचं नव्हतं. लाल रंग दाखवणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. बदल वरून आला. म्हणून हा गट म्हणतो, जुळवून घेण्याचं मुख्य काम वरिष्ठाचं. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांची १९८३च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’मधली मांडणी याला जवळची आहे. व्यवस्थापकाने आपल्या आवडीची एकच रीत न लावता, त्या विशिष्ट कामात माणूस किती मुरलेला आहे हे पाहून देखरेख कमी-जास्त करावी, असं ते म्हणतात. लेखी अहवालांबद्दलचं त्यांचं मतही लक्षात ठेवावं असं आहे: माहिती पोहोचवण्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या विचाराला शिस्त लावणं हा अहवालाचा मोठा उपयोग. वरच्या उदाहरणात २०० दिवसांचा आकडा मेल लिहायला बसल्यावरच हाती येतो, हे पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं.

गेल्या दशकात काही व्यवस्थापकांनी ‘माझ्यासोबत काम कसं करावं’ असं एक पानभर टिपण स्वतःच लिहून टीमला द्यायला सुरुवात केली. अंदाज बांधण्याचं ओझं यातून कमी होतं, असं समर्थक म्हणतात. कॅमिल फोर्निये यांच्यासारख्या अनुभवी इंजिनिअरिंग व्यवस्थापकांनी त्यावर टीका केली आहे. वरिष्ठ स्वतःला जसा समजतो तसा तो असतोच असं नाही, आणि लेखी टिपणामुळे त्याच्या विसंगतीकडे बोट दाखवणं हाताखालच्याला आणखी अवघड जातं, हा त्या टीकेचा गाभा.

आपल्याकडची एक गुंतागुंत

यातला बहुतेक विचार अमेरिकी कार्यालयांत जन्मला. खेर्त हॉफस्टेडे यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकावर भारत ७७वर आहे, अमेरिका ४०वर आणि जर्मनी ३५वर. हा निर्देशांक मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर उभा आहे, म्हणून त्यावर आक्षेपही आहेत. तरी दिशेबद्दल फारसा वाद नाही. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८०मध्ये भारतीय परिस्थितीतून वेगळी मांडणी केली. हाताखालच्या माणसाची काळजी घेणारा आणि कामाबद्दल कडक असलेला नेता इथे चालतो, आणि माणूस कामात तयार होत गेला की नेत्याने सहभागी पद्धतीकडे वळावं, असं ते म्हणतात.

पुण्या-मुंबईतल्या टीम लीडला यातून एक खास पेच पडतो. त्याचे वरिष्ठ दोन असतात: इथले मॅनेजर आणि परदेशातला ग्राहक. आठवड्याच्या कॉलवर ग्राहकाने ‘मुदतीत होईल ना?’ असं विचारलं की मॅनेजर शेजारी बसलेले असताना ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं आणि तो ‘प्रयत्न करू’ म्हणतो. इथल्या कानाला त्यात शंका ऐकू येते. तिथल्या कानाला होकार. कॉलच्या आदल्या दिवशी मॅनेजरांना आकडे सांगून ठेवणं आणि ग्राहकाला होकार-नकाराऐवजी ‘दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर १८ दिवस, फक्त तुमचं लेखी उत्तर मिळालं तर २४’ असं सांगणं, ही वाट बरेच अनुभवी लोक धरतात. त्यात मॅनेजरांचा मान राहतो आणि ग्राहकाला खरं कळतं.

काय अजून सुटलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न वाचणारे-ऐकणारे या विभागणीचाच आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात ‘ज्याची जी शैली त्याला तसं शिकवलं तर तो जास्त शिकतो’ ही कल्पना २००८मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तपासली आणि तिला पुरेसा पुरावा नसल्याचं दाखवलं. वरिष्ठांबद्दलची ड्रकर यांची कल्पना हुबेहूब तीच नाही. आवडत्या मार्गाने आलेला अहवाल निदान उघडला जातो, आणि तेवढ्यानेही कामात फरक पडू शकतो. पण उघडलेल्या अहवालावरून निर्णयही अधिक चांगला होतो का, हे त्यातून सिद्ध होत नाही. ऐकणाऱ्या साहेबांना आवडीप्रमाणे तोंडी सांगितलं आणि आकड्यांची गुंतागुंत निसटली, असंही घडतं.

दुसरा प्रश्न यश कशाने मोजायचं हा आहे. सँडी वेन आणि रॉबर्ट लिडेन यांनी १९९५मध्ये काही काळ पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासात दिसलं की वरिष्ठाच्या मनात आपली छाप पाडण्याच्या प्रयत्नांचा परिणाम आधी त्याच्या आवडीवर आणि ‘हा माझ्यासारखाच आहे’ या भावनेवर होतो, आणि तिथून तो मूल्यमापनाच्या गुणांपर्यंत पोहोचतो. २००३मध्ये हिगिन्स, जज आणि फेरिस यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. कामाच्या फळांशी खुशामतीचाही सकारात्मक संबंध निघाला आणि तर्कशुद्ध मांडणीचाही. मूल्यमापनाचा आकडा म्हणूनच पुरेसा निवाडा करत नाही. जुळवून लिहिलेल्या अहवालाने साहेब खूश झाले की काम सुधारलं, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. मुदती पाळल्या गेल्या का, अडचण किती लवकर वर पोहोचली, मागितलेला निर्णय किती दिवसांत मिळाला, अशी मोजमापं ठेवणारे अभ्यास या प्रश्नाला अधिक उपयोगी पडतील.

तिसरा प्रश्न नवा आहे. शैली ओळखायच्या बहुतेक खुणा समोरासमोर मिळणाऱ्या होत्या: साहेब कुठे थांबले, कोणत्या आकड्यावर भुवई उंचावली, कागद बाजूला कधी ठेवला. २०२०नंतर पुष्कळ कामं दुरून होऊ लागली आणि अपडेट चॅटवर जाऊ लागलं. तिथे ‘वाचलं’ ही खूण मिळते, समजलं की नाही हे कळत नाही. उत्तर न येणं म्हणजे संमती, नाराजी की न उघडलेला निरोप, हे ठरवायला हाताखालच्या माणसाकडे सध्या भरवशाचं साधन नाही. ज्या टीममध्ये मॅनेजर आणि टीम लीड एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलेच नाहीत, तिथे पहिल्या प्रश्नाची वही तरी किती कामाची ठरते, हे पाहायला हवं.